ताई, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीबद्दल

ताई, तुम्ही इथून नवीन ठिकाणी जाताय ही तुमची पोस्ट सकाळीच वाचली पण तेव्हा काही लिहायला सुचेना, आत्ता सगळ्यांच्या कमेंट्स वाचून झाल्यावर लिहितोय. नवीन सिस्टीम आली तेव्हा तुम्ही किती रात्री बसलात, ऑडिटला कसं सांभाळून घेतलंत, हे सगळ्यांनी लिहिलंय आणि ते खरंच आहे. पण मला जे सांगायचंय ते कुणालाच माहीत नाहीये, तुम्ही कधी कुणाला कळूच दिलं नाहीत.

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणापासूनच. ऑफिसमध्ये मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आधीच्या एका ठिकाणी सांगितलं तर लोक माझ्याशी ओरडून बोलायला लागले होते आणि मग महत्त्वाच्या मीटिंगला बोलावणंच बंद झालं. खरं तर समोरासमोर दोघं बोलत असलो की मला काहीच अडचण नसते. पाच-सहा जण एकदम बोलायला लागले की गोंधळ होतो. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतला फरक पकडून ठरवतो, एकच कान असला की आवाज येतो पण कुणाचा, कुठल्या बाजूने, ते कळत नाही. ज्याने विचारलंय तो डावीकडे बसलेला असेल तर अर्धा प्रश्न तसाच निघून जातो, आणि समोरच्याला वाटतं याचं लक्ष नाही.

तर आपल्या मंथ-एंड रिव्ह्यूच्या त्या लांब टेबलाला डाव्या टोकाला, भिंतीला लागून एक खुर्ची होती. तिथे बसलं की डावीकडे फक्त भिंत, बोलणारे सगळे उजवीकडे. मी धावतपळत लवकर जाऊन ती पकडायचो, कधी मिळायची कधी नाही. मग एकदा मला व्हेंडरच्या कॉलमुळे उशीर झाला, आता मिळेल तिथे बसायचं म्हणून आत आलो तर त्या खुर्चीवर तुमची हिरवी डायरी ठेवलेली, तुम्ही शेजारच्या खुर्चीत. मला बघितलंत, डायरी उचललीत आणि समोरच्यांशी जे बोलत होतात तेच पुढे बोलत राहिलात. माझ्याकडे बघून हसलात पण नाहीत. मला वाटलं योगायोग असेल. पण पुढच्या महिन्यातही तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आणि एकदा तर मोठे साहेब स्वतः तिथे बसायला निघाले तेव्हा तुम्ही किती सहज म्हणालात, "सर, तिथे एसीचा झोत थेट अंगावर येतो, इकडे बसा ना." एसी तर पार दुसऱ्या टोकाला होता ताई!

बऱ्याच दिवसांनी मी धीर करून विचारलं की तुम्हाला कळलं कसं, तर तुम्ही म्हणालात, "अरे, चालताना तू नेहमी फिरून माझ्या डाव्या बाजूला येतोस, आणि कुणी डावीकडून हाक मारली की आधी उजवीकडे बघतोस." आणि लगेच पेंडिंग बिलांचं विचारलंत, विषय तिथेच संपवलात. ना "बिचारा", ना "तू एचआरला का नाही सांगत", ना उगाच चौकशी. मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं, कारण मदत करणारे तसे पुष्कळ भेटतात पण मदत केल्याचं त्या माणसाला ओझं वाटू नये एवढं सांभाळणारे मी तरी फार कमी बघितलेत.

त्या खुर्चीमुळे काय झालं ते पण सांगतो. मी मीटिंगमध्ये बोलायला लागलो. आधी चुकीच्या प्रश्नाला उत्तर दिलं जाईल या भीतीने गप्प बसायचो, आकडे माहीत असून सुद्धा. मागच्या वर्षी क्लोजिंगचं प्रेझेंटेशन मला दिलं गेलं आणि सगळे म्हणाले हा एकदम कॉन्फिडंट झाला, त्यामागे तुमची ती डायरी आहे. आता माझ्या टीममधल्या चौघांना मी स्वतःच माझ्या कानाबद्दल सांगितलंय, अगदी साधेपणाने, आणि कुणी ओरडून बोलत नाही. हे मी तुम्हाला कधी बोललो नव्हतो म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, चालेल ना?

नवीन ठिकाणी मोठी जबाबदारी मिळतेय याचा मनापासून आनंद आहे, तिथल्या लोकांचं नशीब चांगलं आहे. आणि हो, बँक रिकन्सिलिएशनचं काम माझ्याकडेच द्या असं मी सरांना आजच सांगून आलोय, तुम्ही ते इतकं नीट लावून ठेवलंय की दुसऱ्या कुणाच्या हातात जायला नको वाटतं. गुरुवारी दुपारी छोट्या मीटिंग रूममध्ये हँडओव्हरला बसू, रूम मी बुक केलीये. त्या जुन्या दोन खात्यांच्या एन्ट्र्या तेवढ्या नीट समजावून सांगा, बाकी मी बघतो.