विषय : मानद प्रशिक्षकपदाचा राजीनामा

दिनांक : ३ जून २०२५

प्रति,
मा. सचिव,
ज्युनियर क्रिकेट क्लब

महोदय,

नोकरीतील बदलीमुळे मला येत्या १ जुलैपासून दुसऱ्या शहरात रुजू व्हायचे असल्याने, १३ वर्षांखालील गटाच्या मानद प्रशिक्षकपदाचा राजीनामा मी या पत्राद्वारे सादर करीत आहे. रविवार, २९ जूनचा सराव हा माझा अखेरचा सराव असेल. तोपर्यंत ठरलेली सर्व सत्रे मी नेहमीप्रमाणे घेईन. शनिवार-रविवारी ये-जा करून काम चालू ठेवता येईल का, याचा विचार मी करून पाहिला, परंतु महिन्यातून दोनदा उगवणारा प्रशिक्षक मुलांच्या उपयोगाचा नसतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कार्यभार सोपविताना एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. गेली चार वर्षे मी प्रत्येक वेगवान गोलंदाजाने नेटमध्ये आणि सामन्यात मिळून टाकलेल्या चेंडूंची नोंद एका वहीत ठेवली आहे. वाढत्या वयात कंबरेवर अतिरिक्त ताण आल्यास मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो आणि मूल दुखणे लपवून गोलंदाजी करीत राहते, म्हणून ही वही मला धावफलकापेक्षा महत्त्वाची वाटते. संघातील सर्वांत वेगवान मुलगा सध्या चेंडू टाकताना छाती आडवी आणि कंबर समोर ठेवतो. त्याची शैली सुधारण्याचे काम अर्धवट राहिले आहे, आणि ते पूर्ण होईपर्यंत, सामना कितीही रंगला तरी, त्याला सलग चारपेक्षा जास्त षटके देऊ नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याच्या पालकांशी मी याबाबत बोललो आहे.

दुसरे असे की, मोठ्या गटाचे चेंडू अधूनमधून आमच्या पेटीत येतात. या वयोगटाचा चेंडू सुमारे १४० ग्रॅमचा, तर मोठ्यांचा सुमारे १६० ग्रॅमचा असतो. हातात फरक किरकोळ वाटला तरी लहान बोटांना तो झेल घेताना कळतो. तीन हेल्मेटांच्या जाळ्या सैल झाल्या असून ती वापरातून काढून मी वेगळी ठेवली आहेत. हे मी मार्चमध्येही कळविले होते, आता मात्र नवी हेल्मेटे हंगामापूर्वी यावीत.

नव्या प्रशिक्षकांची नेमणूक लवकर झाल्यास जूनमधील उरलेल्या सत्रांना त्यांनी माझ्यासोबत उभे राहावे. मुलांना ही बातमी पुढील शनिवारी सराव संपल्यावर मी स्वतः सांगेन. तोपर्यंत ती समितीपुरतीच राहावी. आमची यष्टिरक्षक मुलगी, जिने मोठ्या मापाच्या ग्लोव्ह्जमध्ये कापूस भरून पहिला हंगाम काढला, तिला ती इतर कुणाकडून कळू नये असे मला वाटते.

आपण आणि पालकांनी वेळोवेळी केलेल्या सहकार्याबद्दल मी ऋणी आहे. राजीनामा स्वीकारून तसे लेखी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
मानद प्रशिक्षक, १३ वर्षांखालील गट

सोबत : गोलंदाजीची नोंदवही, हजेरीपट, पालकांचे आपत्कालीन संपर्क, साहित्याची यादी व साहित्यखोलीच्या दोन चाव्या