दुकानातील आगीच्या नुकसानीचा दावा : सविस्तर अहवाल

दिनांक : ५ जून २०२५
प्रति, मा. शाखा व्यवस्थापक, दावा विभाग
विषय : मिरज येथील शालेय साहित्य व झेरॉक्स दुकानाला २१ मे २०२५ रोजी पहाटे लागलेली आग, दावा क्र. २०५७
पॉलिसी : भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. विमा रक्कम : माल १८,००,००० रु., फर्निचर व यंत्रे ५,००,००० रु. दुकानाची जागा भाड्याची असल्याने इमारतीचा दावा यात नाही. माल बँकेकडे कॅश क्रेडिटसाठी तारण आहे.

महोदय,

२० मे रोजी रात्री ९.१० वाजता मेन स्विच बंद करून मी शटर लावले. साडेअकराच्या सुमारास वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली, ती १.४०ला आली. २.०५ वाजता शेजारच्या मिठाईच्या दुकानात झोपणाऱ्या कामगाराला शटरखालून धूर दिसला. त्याने मला आणि १०१ला फोन केला. मी २.२५ला पोहोचलो, दोनच मिनिटांत बंब आला. जवानांनी कुलूप तोडले तेव्हा मीटरकडच्या भिंतीचे रॅक छतापर्यंत पेटलेले होते. साडेतीनला आग आटोक्यात आली, पण कागदाचे गठ्ठे आतून धुमसत राहतात म्हणून पाच वाजेपर्यंत पाणी मारावे लागले. सकाळी ७ला पोलीस ठाण्यात आकस्मिक जळीत नोंद झाली, दुपारी पंचनामा झाला. ९.४०ला आपल्या टोल फ्री क्रमांकावर कळवले. २२ तारखेला सर्वेक्षक येऊन गेले. तोवर काहीही हलवले नव्हते.

मेन बंद असताना शॉर्टसर्किट कसे, असे सर्वेक्षकांनी विचारले होते. मेन स्विच पाडला तरी मीटरपासून मेनपर्यंतच्या वायरमध्ये वीज असतेच. त्याच तुकड्याची तांब्याची टोके वितळून गोळे झालेली आहेत आणि मागचा प्लायवूड तिथेच आरपार जळला आहे. तो बोर्ड आम्ही तसाच ठेवला आहे.

मालाचा हिशेब : १ एप्रिलचा शिल्लक माल ६,८५,०००, २० मेपर्यंतची खरेदी ११,४०,०००, विक्री ४,५०,०००, तीतून १८ टक्के नफा वजा जाता मूळ किंमत ३,६९,०००. म्हणजे आगीच्या रात्री पुस्तकी माल १४,५६,००० रुपयांचा. सुस्थितीत वाचला १,९२,०००. उरलेले १२,६४,००० हे नुकसान. एवढा माल मेमध्ये का, तर जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि वर्षाचा धंदा त्या तीन आठवड्यांत होतो. मागच्या दोन वर्षांची मेअखेरची बँक स्टॉक स्टेटमेंट जोडली आहेत, त्यांतही हाच चढ दिसेल.

जळून खाक, वह्या : ५,३८,०००
जळून खाक, पाठ्यपुस्तके व गाइड : २,२६,०००
भिजलेल्या वह्या व झेरॉक्सचे रीम : ३,१४,०००
धूर व उष्णतेने खराब दप्तरे, बाटल्या : १,८६,०००
वरील मालाचे परत करावे लागणारे इनपुट टॅक्स क्रेडिट : १,३५,७२०
प्लायवूडचे रॅक व काउंटर : १,६८,०००
झेरॉक्स मशीन (२०२२ची खरेदी, आजच्या कोटेशनप्रमाणे) : १,४२,०००
संगणक व प्रिंटर : ५८,०००
वायरिंग, पंखे, दिवे : ३७,०००
राडारोडा हटवणे : १८,०००
वजा, रद्दीवाल्याने लेखी देऊ केलेली रक्कम : २२,०००
एकूण दावा : १८,००,७२० रुपये

भिजलेल्या वह्यांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण त्या वाळवून विकता येतील का, अशी विचारणा झाली आहे. मी एक गठ्ठा उन्हात घालून पाहिला. पाने फुगून एकमेकांना चिकटली, पुठ्ठा पिन्यांपासून सुटला, रेघांची शाई पसरली आणि धुराचा वास गेला नाही. अशी वही कुणी पालक घेणार नाही, आणि मुलाच्या हाती द्यायला माझाही हात धजणार नाही. आग विझवायला मारलेल्या पाण्याने झालेले नुकसान हे आगीचेच नुकसान आहे, म्हणून ही रक्कम पूर्ण धरावी अशी माझी ठाम मागणी आहे.

कराबाबत : नष्ट झालेल्या मालावरील क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार उलटवावे लागते, म्हणजे तो कर माझ्या खिशातून जातो. पाठ्यपुस्तकांवर कर नसल्याने ती यात धरलेली नाहीत. वह्या व रीमवर १२ टक्के, दप्तरे व बाटल्यांवर १८ टक्के, असा आकडा काढला आहे.

सोबत : अग्निशमन दलाचा दाखला, जळीत नोंद व पंचनाम्याची प्रत, विद्युत निरीक्षकांकडे केलेल्या अर्जाची पोच (अहवाल मिळताच देईन), खरेदीची बिले, एप्रिल-मेच्या विक्रीचा गोषवारा, मागील वर्षाचा ताळेबंद, बँकेची स्टॉक स्टेटमेंट, भाडेकरार, मशीन व फर्निचरची कोटेशन, रद्दीवाल्याचे पत्र, ६४ छायाचित्रे. दुकानातील बिलबुके जळाली. हिशेबाची प्रत सनदी लेखापालांच्या संगणकावर होती, तिच्यावरूनच वरचे आकडे काढले आहेत व त्यांनी ते प्रमाणित केले आहेत.

भिजलेला माल दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला आहे. पावसाळ्यात त्याला बुरशी धरेल, म्हणून फेरतपासणी करायची असल्यास १२ जूनपूर्वी करावी, किंवा माल रद्दीत देण्यास लेखी परवानगी द्यावी. बँकेचे व्याज चालू आहे आणि शाळा उघडण्याआधी निदान भाड्याच्या टेबलावर तरी दुकान मांडायचे आहे. त्यामुळे वादात नसलेल्या रकमेपैकी काही भाग अंतरिम म्हणून बँकेच्या खात्यावर जमा करावा, ही विनंती.

वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.

आपला,
विमाधारक दुकानमालक, मिरज