‘नीरस मोक्ष घेऊन काय करू?’: बोधिसत्त्वाच्या आदर्शाचा उदय

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व दोन तऱ्हांनी भेटतो. भिंतींवर महाजनक राजाची कथा रंगवलेली आहे. राज्य सोडून निघालेला हा राजा म्हणजे पूर्वजन्मातले गौतम बुद्धच. पुढे गर्भगृहाच्या वाटेवर, हातात निळे कमळ घेतलेला, मान किंचित कललेला पद्मपाणि उभा आहे. तो कुणाचा पूर्वजन्म नाही. तो आत्ता, या क्षणी, दुःखात असलेल्याकडे पाहतो आहे. दोन्ही चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटककालीन. पण एका कल्पनेपासून दुसरीपर्यंत पोचायला बौद्ध परंपरेला कित्येक शतके लागली.

हा प्रवास आपल्याकडे बहुधा एका सोप्या गोष्टीत गुंडाळून सांगितला जातो. हीनयानी भिक्षू स्वतःच्या मुक्तीपुरते पाहत, म्हणून उदार मनाच्या लोकांनी, विशेषतः गृहस्थांनी, महायान काढले आणि धर्मात करुणा आणली. ही मांडणी मला अन्यायाची वाटते आणि पुराव्यालाही ती धरून नाही. पालि विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, बुद्ध आपल्या पहिल्या साठ शिष्यांना ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ चारिका करायला सांगतात. मेत्तसुत्तात आई एकुलत्या मुलाला जिवाच्या मोलाने जपते तशी भावना सर्व प्राण्यांविषयी ठेवायला सांगितले आहे. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार ब्रह्मविहार तर ध्यानाच्या अभ्यासाचाच भाग होते. करुणा बाहेरून आणावी लागली नाही. बदलली ती तिची जागा.

सुरुवातीला बोधिसत्त्व एकच होता: बोधी मिळण्याआधीचे गौतम. त्यांच्या पूर्वजन्मांच्या जातककथा इ.स.पू. दुसऱ्या शतकात लोकांच्या इतक्या ओळखीच्या होत्या, की भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर त्या नावे कोरून दाखवल्या आहेत. सांचीच्या उत्तर तोरणावर वेस्संतर राजा हत्ती, रथ, शेवटी मुले आणि पत्नीही दान करतो. या कथांच्या मुळाशी सुमेध तापसाची गोष्ट आहे. दीपंकर बुद्ध येताहेत, वाटेत चिखल आहे, म्हणून सुमेध त्या चिखलात आडवा होतो. त्याला तिथेच अर्हत्पद, म्हणजे स्वतःची मुक्ती, मिळवता आले असते. पण एकट्याने पलीकडे जाऊन काय उपयोग, असा विचार करून तो स्वतः बुद्ध होण्याचा संकल्प करतो आणि अगणित जन्मांची वाट पत्करतो.

ही कथा जुन्या पालि परंपरेतल्या थेरवाद्यांनीही जपली. म्हणजे आदर्श सर्वांसमोर होता, पण तो पूजेचा विषय होता, अनुकरणाचा नव्हे. बुद्ध कल्पाकल्पांतून एखादाच होतो. बाकीच्यांनी त्याने दाखवलेल्या वाटेने अर्हत व्हावे, हा सर्वमान्य क्रम होता. मग कुणीतरी विचारले असणार: बुद्धांनी केले तेच आपण का करू नये? हा प्रश्न विचारणाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत, त्यांचे ग्रंथ आले.

अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता या महायानसूत्राच्या गांधारी भाषेतल्या भूर्जपत्रांचे तुकडे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले आहेत. लोकक्षेम या भिक्षूने या ग्रंथाचे चिनी भाषांतर इ.स. 179 मध्ये केले. साधारण त्याच सुमारास ‘उग्रपरिपृच्छा’ही चिनीत गेली. हा ग्रंथ वाचताना गृहस्थांच्या बंडाची कल्पना टिकत नाही. त्यात उग्र नावाचा गृहस्थ बोधिसत्त्वाच्या मार्गाविषयी विचारतो खरा, पण त्याला मिळालेला उपदेश कडक आहे. घराची, बायकामुलांची ओढ तोड, दान दे, आणि शक्य होताच घर सोड. भिक्षू बोधिसत्त्वाला तर थेट अरण्यवासाचा सल्ला आहे. गेल्या काही दशकांतल्या अभ्यासकांनी हे नीट दाखवून दिले: बोधिसत्त्वयान मार्ग सोपा करायला निघाले नव्हते. ज्यांना अर्हत्पदही पुरेसे वाटेना, अशा मोजक्या, हट्टी साधकांचे ते व्रत होते. तेही त्याच विहारांत, त्याच विनयाखाली राहत. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग दोघांतला फरक एवढाच सांगतो, की बोधिसत्त्वांची पूजा करणारे आणि महायानसूत्रे वाचणारे ते महायानी, न करणारे हीनयानी. विनय दोघांचा सारखाच.

शिल्पही हीच संथ गती दाखवते. कनिष्काच्या तिसऱ्या राज्यवर्षात बल नावाच्या भिक्षूने मथुरेच्या लाल दगडातली एक भव्य उभी मूर्ती सारनाथला बसवली. अंगावर चीवर, दागिना एकही नाही. कुणीही तिला बुद्धच म्हणेल. शिलालेख मात्र ‘बोधिसत्त्व’ म्हणतो. आणि तो लेख संपतो ‘सर्व सत्त्वांच्या’, म्हणजे प्राणिमात्रांच्या, ‘हितसुखासाठी’ या भावनेवर. हीच भावना पुढे अजिंठा आणि इतर ठिकाणच्या दानलेखांत एका ठरावीक वाक्यात येते: यात जे पुण्य असेल ते आईवडिलांसह सर्व सत्त्वांना अनुत्तर ज्ञान मिळावे यासाठी असो. एखादा शाक्यभिक्षू बुद्धाचे चित्र रंगवून घेतो आणि त्याचे पुण्य स्वतःकडे ठेवत नाही. शिवाय मागणे स्वर्गाचे किंवा अर्हत्पदाचे नाही, सगळ्यांच्या बुद्धत्वाचे आहे. सूत्रांतला मोठा सिद्धांत सामान्य दात्याच्या तोंडी कसा बसला, हे मला कुठल्याही भाष्यापेक्षा या दोन ओळींत जास्त स्पष्ट दिसते.

साधनेत काय बदलले? आधी करुणा ही चित्त शुद्ध करणारी भावना होती. आता ती मार्गाला लागण्याचे कारण झाली. सर्वांच्या दुःखमुक्तीसाठी बुद्ध होण्याचा संकल्प, म्हणजे बोधिचित्त, हा आरंभ. त्यानंतर दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान आणि प्रज्ञा या सहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे गुण, पुढे दहा भूमी, म्हणजे प्रगतीच्या पायऱ्या. सगळा हिशेब कल्पांत मोजायचा. पण नुसत्या दयाळूपणावर हा मार्ग उभा नाही. वज्रच्छेदिका या सूत्रात बुद्ध सुभूती या शिष्याला सांगतात, की बोधिसत्त्वाने ‘सर्व सत्त्वांना मी निर्वाणाला नेईन’ असा निश्चय करावा, आणि अशा अगणित सत्त्वांना नेल्यावरही कुणी सत्त्व निर्वाणाला नेला गेला असे मानू नये. ‘मी वाचवणारा, तो वाचलेला’ ही भावना शिल्लक राहिली तर तो बोधिसत्त्वच नव्हे. उपकार करणाऱ्याचा अहंकार किती सूक्ष्म असतो, हे या लोकांनी नेमके ओळखले होते. म्हणूनच शून्यतेचे, म्हणजे कशालाही स्वतंत्र ‘मी’पण नाही या विचाराचे, तत्त्वज्ञान करुणेपासून वेगळे काढता येत नाही.

या नव्या करुणेची एक अवघड बाजूही होती. उपायकौशल्यसूत्रात महाकारुणिक नावाच्या नाविकाची कथा आहे. जहाजात पाचशे व्यापारी आहेत आणि त्यांना मारून धन लुटायला टपलेला एक चोर. व्यापाऱ्यांना सांगावे तर ते चोराला मारतील आणि हत्येचे पाप त्यांना लागेल. गप्प बसावे तर चोर पाचशे जणांच्या हत्येने नरकात जाईल. नाविक स्वतःच त्याला मारतो. आचार्य असंगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वभूमीतही करुणेपोटी शील मोडण्याची मुभा आहे. हा युक्तिवाद कुणाच्याही हाती पडला तर भयंकर आहे, आणि ग्रंथकारांना त्याची जाणीव होती. म्हणून अट घातली: आपण स्वतः नरकात जाऊ पण याला जाऊ देणार नाही, अशी तयारी हवी. ही अट काढून टाकली तर उरते ती फक्त सोयीची हिंसा.

दुसऱ्या बाजूने, ज्यांनी हा मार्ग पुष्कळ पार केला आहे असे बोधिसत्त्व लोकांच्या हाकेला धावणारे झाले. सद्धर्मपुंडरीक या महायानसूत्रात एक पूर्ण प्रकरण अवलोकितेश्वराला, म्हणजे अजिंठ्याच्या त्या पद्मपाणीलाच, दिले आहे: आगीत, पुरात, बेड्यांत, चोरांच्या वाटेत त्याचे नाव घ्या. चिनी यात्रेकरू फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी समुद्रमार्गे चीनला परतताना वादळात सापडला, तेव्हा त्याने याच बोधिसत्त्वाची आठवण केली. आणि ही प्रार्थना दगडात पाहायची तर आपल्याला दूर जावे लागत नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या दर्शनी भिंतीत अवलोकितेश्वर मधोमध उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार छोटे प्रसंग आहेत. एकीकडे आग, तलवार उगारलेला चोर, बंधन, बुडते जहाज. दुसरीकडे सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येक प्रसंगात घाबरलेली माणसे हात जोडून वर पाहतात आणि तो त्यांच्याकडे येताना दिसतो. असाच पट कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही आहे. कल्याण आणि सोपारा ही बंदरे तिथून जवळच. त्यात बुडते जहाज का आले, हे त्या वाटांनी जाणाऱ्या व्यापाऱ्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

काही जण याला मूळ धर्माची घसरण म्हणतात: स्वतःच दीप व्हा म्हणणाऱ्या बुद्धाच्या धर्मात तारणहार कुठून आला? मला बोधिसत्त्व होण्याचे व्रत आणि बोधिसत्त्वाला मारलेली हाक ही एकाच करुणेची दोन टोके वाटतात. जो सर्वांसाठी थांबायला तयार आहे, त्याला लोक हाक मारणारच.

दोन्ही टोकांना एकत्र बांधणारा आवाज आठव्या शतकातला, नालंदेच्या शांतिदेवाचा. बोधिचर्यावतारात तो स्वतःशीच वाद घालतो. दुसऱ्याचे दुःख मला बोचत नाही, मग मी ते का दूर करू? त्याचे उत्तर: पायाचे दुःख हाताचे नसते, तरी हात पायाला का जपतो? दुःखाला मालक नाही. ते दुःख आहे एवढ्याच कारणाने दूर करायचे. आणि मग तो ओळ लिहितो, ‘मोक्षेणारसिकेन किम्’. प्राणी मुक्त होताना आनंदाचे जे सागर उसळतात ते पुरेसे आहेत, नीरस मोक्ष घेऊन काय करू? निर्वाणाला सर्वोच्च मानणाऱ्या परंपरेत एका भिक्षूने हे म्हणावे, याचे धाडस आजही जाणवते.

हा आदर्श थेरवादी देशांतही वेगळ्या रूपात राहिला. दहाव्या शतकात श्रीलंकेचा राजा चौथा महिंद आपल्या शिलालेखात, बोधिसत्त्वांखेरीज कुणी लंकेचा राजा होणार नाही, असे सांगतो. आपल्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धचरित्र लिहिताना दहा भूमींचा क्रम, मुदितेपासून धर्ममेघेपर्यंत, आवर्जून घेतला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंनी त्यांच्यामागून घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली बारावी थेरवादी परंपरेतल्या दहा पारमिता पाळण्याची आहे आणि तिच्या लगेच पुढची सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची. जातककथांत एकट्या बोधिसत्त्वाकडे असलेल्या पारमिता इथे एका संपूर्ण समाजाने रोजच्या जगण्याचा नियम म्हणून उचलल्या.