डिझर्टेशनच्या विषयाबद्दल मार्गदर्शन हवंय

नमस्कार सर,

मी एमए भाग दोनची, तुमच्या स्थानिक शासनाच्या पेपरला असते. डिझर्टेशनसाठी महिला ग्रामसभा हा विषय डोक्यात आहे. कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, पण आमच्या पन्हाळा तालुक्यातल्या एका गावचं रजिस्टर बघितलं तर नुसत्या सह्या आणि अंगठे, चर्चा काय झाली त्याची एक ओळ नाही, आणि २०११ पासून ५० टक्के आरक्षण असून असं असेल तर बायकांचं म्हणणं ठरावापर्यंत पोचतं का हेच मला शोधायचंय.

दोन-तीन गावं घेतली तर चालतील की एकाच गावात खोलात जाऊ? इतिवृत्तं माहिती अधिकारात मागू की ग्रामसेवकांनाच भेटू? विषय खरंच मनापासून करायचाय सर. गुरुवारी लेक्चरनंतर केबिनला येऊ का?

तुमची विद्यार्थिनी