१५ ऑगस्ट २०२५ च्या ग्रामसभेचं इतिवृत्त, व्हिडिओवरून उतरवलेला खर्डा

तालुका मुळशी, जिल्हा पुणे. ठिकाण मंदिराचा सभामंडप. झेंडावंदन झाल्यावर सकाळी १०:४० ला सभा सुरू, व्हिडिओ २ तास ८ मिनिटांचा आहे. अध्यक्षस्थानी सरपंचताई, सचिव म्हणून ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो). हे ग्रुपवर जाणार म्हणून माणसांची नावं न घालता पद किंवा आळी लिहिलीय, नावं ऑफिसात दिलेल्या प्रतीत आहेत. कंसातले आकडे व्हिडिओतली वेळ, ज्याला शंका असेल त्याने तिथे जाऊन ऐकावं.

कोरम: मतदार ३,४१२, त्याचे १५ टक्के ५१२ होतात पण १५ टक्के किंवा १०० यातला कमी आकडा धरायचा असतो म्हणून १०० पुरे. रजिस्टरवर सह्या १३७, त्यात बायका ५२. मागचं इतिवृत्त वाचून कायम केलं, कुणाची हरकत नाही (०:०९:१५).

ठराव १, पाणी. खालच्या आळीत पाणी दिवसाआड आणि तेही अर्धा तास, हे तिथल्या तिघीजणींनी सांगितलं. उपसरपंच म्हणाले व्हॉल्व खराब आहे. व्हॉल्व बदलणे आणि तोवर रोज एक टँकर. सूचक वॉर्ड २ च्या सदस्या, अनुमोदक बचत गटाच्या अध्यक्षा. एकमताने मंजूर (०:३१:५०).

(१:०२ ते १:०८ माईक बंद पडलाय, ओठ हलताना दिसतात पण ऐकू काही येत नाही. तिथे कोण काय बोललं ते मी आठवणीवरून लिहिलेलं नाही.)

ठराव २, ओल्या-सुक्या कचऱ्याची शेड. सगळ्यात जास्त वेळ यालाच गेला. पैसे १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतल्या स्वच्छतेच्या वाट्यातून. जागा सुचवली ओढ्याजवळच्या गायरानाची. उपसरपंच बाजूने, सध्या कचरा शाळेच्या भिंतीमागे जाळतात आणि पोरं खोकतात हे त्यांनी दोनदा सांगितलं. विरोधात धनगरवाड्यावरचे दोघं, मेंढरं मग चारायची कुठं. वरच्या आळीच्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या "ओढ्याचं पाणी आमच्या हिरीत उतरतंय, घाण झाली तर प्यायचं काय?" (१:१९:०५). ग्रामसेवक म्हणाले गायरान आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागेल. आजींच्या बोलण्यावर सरपंचताईंनी अट मान्य केली की शेड ओढ्यापासून ५० मीटर लांब आणि खाली काँक्रीट (१:२१:४०). मतदानानंतर निकाल सांगताना ही अट कुणी परत बोललं नाही, पण ती मतदानाच्या आधी ठरलेली आहे म्हणजे लोकांनी अटीसकट ठरावालाच हात वर केलेत, म्हणून मी ती ठरावातच घेतलीय आणि ती गाळू नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

मतदान हात वर करून. पहिली मोजणी बाजूने ९४, विरोधात ४५. वॉर्ड ३ च्या सदस्यांनी लगेच विचारलं, सह्या १३७ आणि हात १३९ कसे? मग कळलं की सोसायटीतल्या काही लोकांनी पण हात वर केले होते, त्यांची नावं अजून गावच्या मतदार यादीत नाहीत. त्यांना बोलू दिलं, सोसायटीच्या एका ताईंनी कचरा वेगळा करून देऊ असंही सांगितलं, पण मत फक्त यादीतल्यांचं. पहिली मोजणी रद्द (१:२९:१०).

दुसरी मोजणी बाजूने ७१, विरोधात ४८. बाकी १८ जणांनी हात वर केला नाही किंवा ते आधीच गेले होते, त्यांना तटस्थ लिहिलेलं नाही कारण तसं कुणी विचारलंच नाही. कॅमेऱ्यात फक्त मंडप दिसतो, तिथले हात मी तीन वेळा थांबवून मोजले, ४९ आणि ३६. बाहेर ओसरीवर बसलेल्या बायका फ्रेममध्ये नाहीत पण ग्रामसेवकांनी त्यांची मोजणी मोठ्याने केली ती ऐकू येते, २२ आणि १२. बेरीज जुळते. ठराव बहुमताने मंजूर. सूचक उपसरपंच, अनुमोदक वॉर्ड १ चे सदस्य.

आयत्या वेळचे विषय: स्मशानभूमीच्या रस्त्यावर दोन दिवे, एकमताने मंजूर (१:५२:३०). बस थांब्याच्या शेडवर नुसती चर्चा झाली, ठराव नाही, म्हणून "मंजूर" लिहिलं नाही.

आभार ग्रामसेवकांनी मानले, राष्ट्रगीत होऊन १२:४८ ला सभा संपली.

कुणाला दुरुस्ती सुचवायची असेल तर व्हिडिओतली वेळ टाकून बुधवार संध्याकाळपर्यंत सांगा, गुरुवारी ग्रामसेवक प्रोसिडिंग बुकात लिहायला घेणारेत.