तुमच्या भिंतीच्या भेगेबद्दल, आणि तिसऱ्या फोटोबद्दल

ताई, नमस्कार. तिन्ही फोटो मोठे करून नीट बघितले, दोनदा बघितले. तुम्ही विचारलंय की पाया खचलाय का आणि घर खाली करावं लागेल का, तर आधी तेच सांगतो, बेडरूमच्या त्या लांब भेगेवरून तरी तसं अजिबात वाटत नाहीये. तिसऱ्या फोटोबद्दल मात्र बोलायचंय, ते शेवटी.

पहिल्या फोटोत भेग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर जाते आणि बीमच्या खाली पोचल्यावर आडवी वळून बीमला धरून सरळ जाते. लोक भेगेची लांबी बघून घाबरतात, आम्ही आधी ती कुठून निघते, कुठल्या दिशेने जाते आणि कुठे रुंद आहे ते बघतो. तुमची भेग खिडकीच्या कोपऱ्यात सगळ्यात रुंद आहे आणि वर जाता जाता केसासारखी बारीक होते. खिडकीचा कोपरा म्हणजे भिंतीचा नाजूक भाग, सगळा ताण तिथेच येऊन जमतो, कागदाला कात्रीने छोटी खाच मारून ओढला की तो खाचेपासूनच फाटतो ना, तसंच. त्यात खिडकीच्या वरचा आडवा काँक्रीटचा पट्टा, म्हणजे लिंटेल, भिंतीत दोन्ही बाजूला पुरेसा आत घेतला नसेल, निदान 15 सेंटीमीटर तरी हवा, तर कोपरा हमखास फुटतो. लिंटेल किती आत आहे ते काही प्लास्टर काढल्याशिवाय कळणार नाही, आणि तेवढ्यासाठी आत्ता काढायची गरजही नाही.

आडव्या भागाचं कारण वेगळंय. तुमचं घर कॉलम-बीमवर उभंय, म्हणजे वरचा भार कॉलम घेतात, ही विटांची भिंत नुसती मध्ये भरलेली आहे. बीमच्या खालचा शेवटचा थर हा गवंड्याचा सगळ्यात कंटाळ्याचा थर, हात नीट पोचत नाही म्हणून कसाबसा मसाला कोंबून बंद करतात. आता तुम्ही म्हणताय वरचा मजला आहे आणि वर उघडी गच्ची. दिवसभर उन्हात स्लॅब तापतो, रात्री गार होतो. 5 मीटर लांब काँक्रीट 20 अंशांनी तापलं तर साधारण 1 मिलीमीटर लांबतं, आणि खालची वीट एकतर काँक्रीटपेक्षा कमी फुगते आणि शिवाय घरात सावलीत असते त्यामुळे ती जागची हलत नाही. एक सरकतो आणि दुसरा सरकत नाही म्हटल्यावर मधला सांधा सुटणारच. म्हणूनच तुम्ही दोनदा पुट्टी भरून रंग दिला तरी भेग त्याच जागी परत आली, पेंटरने फसवलं वगैरे काही नाही, पुट्टी कडक असते, तिला हालचाल सोसत नाही.

पाया खचला असता तर गोष्टी वेगळ्या दिसल्या असत्या. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी तिरकी भेग, आणि ती सहसा खालच्या मजल्यापासूनच दिसते, सोबत दरवाजे चौकटीत अडकायला लागतात, फरशी एका बाजूला उतरते. तुम्ही लिहिलंय की दारं व्यवस्थित लागतात आणि खाली काही नाही. शेजाऱ्यांनी पाया खचल्याचं जे सांगितलं ते काळजीपोटी असेल पण प्रत्येक तिरकी भेग पायाची नसते.

तरी फोटोवर पूर्ण विसंबू नका. मी एकदा असाच फोटो बघून एकाला 'नुसतं प्लास्टर आहे हो' म्हणून मोकळा झालो होतो, नंतर जाऊन बघितलं तर तीच भेग भिंतीच्या मागच्या बाजूलाही होती, आरपार. तेव्हापासून आधी विचारतो, बाहेरच्या बाजूला त्याच उंचीवर भेग आहे का? तेवढं बघून कळवा. रुंदीसाठी एटीएम कार्ड घ्या, ते साधारण पाऊण मिलीमीटर जाड असतं. भेगेत ते शिरत नसेल तर निवांत रहा, आरामात शिरून वर जागा उरत असेल तर मला सांगा. आणि भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारून तारीख टाका, मधे भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक फुली मारा आणि फुल्यांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी एकदा सकाळी आणि एकदा भर दुपारी मोजा, तीन महिने. थोडं कमी-जास्त होत राहिलं तर ते तापमानाचं. नुसतं वाढतच गेलं, किंवा भेग 5 मिलीमीटरच्या पुढे गेली, किंवा भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आल्यासारखी हाताला लागली, तर तीन महिने थांबू नका, लगेच इंजिनिअरला बोलवा.

दुरुस्ती तीन महिन्यांनीच करा, घाई नको. आडव्या सांध्यात प्लास्टर पट्टीसारखं कापून खाच करायची, त्यात ताणलं जाणारं सीलंट भरायचं, कडक सिमेंट नाही. तिरक्या भागावर प्लास्टर काढून भेगेच्या दोन्ही बाजूंना 15-15 सेंटीमीटर येईल अशी जाळी खिळ्यांनी पक्की बसवून परत प्लास्टर, आणि निदान 7 दिवस पाणी मारायचं. हे शेवटचं कोणी करत नाही आणि मग परत भेगा येतात. गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा थर दिला तर मूळ कारणच कमी होईल.

आता तिसरा फोटो. तुम्ही तो बहुतेक खोलीचा अंदाज यावा म्हणून काढलाय, पण डावीकडे बाथरूमच्या भिंतीला लागून जो कॉलम आहे ना, त्याच्यावर फरशीपासून वीतभर वर एक उभी बारीक भेग दिसतेय आणि तिच्या खाली तपकिरी ओघळ आहे. मला त्या मोठ्या भेगेपेक्षा याची जास्त काळजी वाटतेय, खरं सांगतो. आतल्या सळईला पाणी लागलं की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट आतून ढकलून फोडतो, म्हणून भेग नेमकी सळईच्या रेषेत उभी येते. घर 14 वर्षांचं आणि मागे बाथरूम, त्यामुळे शंका येतेच. उद्या एक काम करा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिथे हलकेच टकटक करा आणि मग कॉलमवर वरती करा, खाली आवाज पोकळ आला तर आत काँक्रीट सुटलंय.

घाबरू नका, इतक्या लवकर पकडलं तर हे बरं होतं. पण गवंड्याला बोलवून वरून प्लास्टर लिंपू नका, गंज आत चालूच राहतो आणि डोळ्याआड जातो. आधी बाथरूमची गळती शोधून बंद करायची, मग सुटलेलं काँक्रीट काढून सळई घासून लख्ख करायची, किती झिजलीय ते बघायचं, तिला गंजरोधक लावून दुरुस्तीच्या मसाल्याने परत भरायचं. आणि कॉलम फोडायच्या आधी बीमला टेकू द्यायला हवेत की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष बघूनच ठरवायचं, कोणी 'छोटंसं तर आहे' म्हणून छिन्नी उचलली तर त्याला तिथेच थांबवा.

आवाज कसा आला ते कळवा, आणि त्या कॉलमचा एक फोटो जवळून, शेजारी पट्टी धरून, दुसरा बाथरूमच्या आतून त्याच जागेचा पाठवा. नळ वापरात नसताना पाण्याचा मीटर फिरतोय का तेही जाता जाता बघा.