आपल्या शांत खात्याविषयी शाखेकडून पत्र

दिनांक : 20 एप्रिल 2026
विषय : 4207 या चार अंकांनी संपणारे आपले बचत खाते

आदरणीय खातेदार,
सप्रेम नमस्कार.

सर्वप्रथम हे सांगतो की आपल्या खात्यातील पैसे जसेच्या तसे आहेत. खाते बंद झालेले नाही, कोणताही दंड लागलेला नाही आणि आपल्याकडून काही चूकही झालेली नाही. फक्त या खात्यात बराच काळ आपण स्वतः केलेला व्यवहार झालेला नाही, म्हणून त्याला आम्ही ‘शांत खाते’ म्हणतो. त्यासंबंधी या पत्रात आपल्याला एक लहानसे काम सांगायचे आहे, आणि त्यासाठी आपल्याजवळ जवळजवळ दोन महिने आहेत.

मागच्या महिन्यात आपल्याला संगणकावर छापलेली एक नोटीस मिळाली असेल. तिच्यात असे वाक्य होते : ‘विहित कालावधीत ग्राहकप्रणीत व्यवहार न आढळल्यास सदर खाते निष्क्रिय वर्गवारीत समाविष्ट करण्यात येईल.’ ती नोटीस हातात घेऊन अनेक ज्येष्ठ खातेदार आमच्या खिडकीशी आले, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘माझे पैसे गेले का?’ हाच होता. दोष वाचणाऱ्यांचा नव्हता. ते वाक्य लिहिणाऱ्याला नियम ठाऊक होता, परंतु ते कोण वाचणार आहे याचा विचार त्याने केला नव्हता. म्हणून तीच गोष्ट या पत्रात पुन्हा लिहीत आहे.

‘ग्राहकप्रणीत व्यवहार’ म्हणजे आपण स्वतः केलेला किंवा आपल्या सांगण्यावरून झालेला व्यवहार. आपण खात्यात पैसे भरले, काढले, धनादेश दिला किंवा दुसऱ्या खात्यात रक्कम पाठवली, तर तो आपला व्यवहार होतो. आपल्या मुदत ठेवीचे व्याज या खात्यात जमा करावे असे आपण सांगून ठेवले असेल, तर ते व्याजही आपल्याच व्यवहारात धरले जाते. परंतु बचत खात्यावर बँक जे व्याज आपणहून जमा करते, ते धरले जात नाही. गोंधळ नेमका इथेच होतो. पासबुक भरून घेतले की व्याजाची नवी नोंद दिसते आणि खाते चालू आहे असे वाटते. नियमाच्या दृष्टीने मात्र ती नोंद बँकेची आहे, आपली नव्हे.

आपल्या खात्यात आपला शेवटचा व्यवहार 12 जून 2024 रोजी झाला. सलग दोन वर्षे खातेदाराचा एकही व्यवहार झाला नाही तर ते खाते ‘निष्क्रिय’ धरावे, असा भारतीय रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो सर्व बँकांना सारखाच लागू आहे. आपल्या बाबतीत ही दोन वर्षे 11 जून 2026 रोजी पूर्ण होतात. त्या दिवसापर्यंत या खात्यात कितीही लहान रकमेचा एक व्यवहार आपण केलात, तर खाते आहे तसेच चालू राहील. आपले दुसरे एखादे खाते नेहमी वापरात असले, तरी त्याचा या खात्याला उपयोग होत नाही, कारण हा हिशेब प्रत्येक खात्याचा वेगळा ठेवला जातो.

नियमामागचे कारणही सांगायला हवे, नाहीतर ही उगाचच केलेली अडवणूक वाटेल. ज्या खात्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, त्यातून कोणी खोट्या सहीने पैसे काढले तर ते खातेदाराच्या लवकर लक्षातही येत नाही. अशा खात्याला आपण घरातल्या बंद खोलीसारखे कुलूप लावतो, इतकाच याचा अर्थ. निष्क्रिय खात्यातून खातेदाराची ओळख पुन्हा पटेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. हे कुलूप बाहेरच्या माणसासाठी असते; आपली ओळख पटली की ते आपल्यासाठी उघडते.

समजा, प्रकृतीमुळे किंवा दुसऱ्या काही कारणाने 11 जूनपर्यंत आपल्याला जमले नाही, तरी घाबरण्याचे कारण नाही. निष्क्रिय झालेल्या बचत खात्यावर व्याज जमा होत राहते. त्यात किमान शिल्लक कमी आहे म्हणून दंड आकारता येत नाही आणि खाते पुन्हा सुरू करण्यासाठी शुल्कही घेता येत नाही. ही तरतूद 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे, त्यामुळे कोणी यासाठी पैसे मागितले तर ते देऊ नयेत. फक्त तेव्हा एक अर्ज आणि ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतील, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेने खाते सुरू करून द्यायचे असते. आत्ता जे काम एका चिठ्ठीत होते, त्याला तेव्हा दोन-तीन कागद लागतील, एवढाच फरक आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. पासबुक आणि एक ओळखपत्र घेऊन शाखेत यावे. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांपैकी कोणतेही एक चालेल. पैसे भरण्याची किंवा काढण्याची एक चिठ्ठी भरावी लागेल. छापील अक्षरे बारीक असल्याने ती आमचे कर्मचारी भरून देतील, परंतु सही करण्यापूर्वी त्यांच्याकडून रक्कम आणि खाते क्रमांक मोठ्याने वाचून घ्यावा. तो आपला हक्क आहे. त्यात संशय घेतल्यासारखे काही नाही. रांगेत उभे राहू नये. आत येताच डावीकडे बाकावर बसून पहारेकऱ्याला ‘शांत खात्याचे पत्र आहे’ इतके सांगावे, कर्मचारी आपल्याजवळ येतील. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनामुळे गर्दी असते, म्हणून दहा तारखेनंतर, दुपारी बारा ते दोनच्या सुमारास आल्यास काम निवांत होईल. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते.

त्याच वेळी आपली ओळखीची माहिती, ज्याला बँकेत केवायसी म्हणतात, तीही अद्ययावत करून घेऊ. पत्ता आणि इतर माहिती पूर्वीचीच असेल, तर तसे लिहून दिलेले पुरते. पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा आणावा. हे काम आमच्या बँकेच्या कोणत्याही शाखेत होते. मुलाकडे किंवा मुलीकडे परगावी राहत असाल, तर तेवढ्यासाठी इकडे येण्याची गरज नाही.

सहीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अनेकांना तिचीच चिंता असते आणि संकोचामुळे ते बोलत नाहीत. वयानुसार हात थरथरतो आणि वीस वर्षांपूर्वीच्या सहीशी आजची सही जुळत नाही. तसे असेल तर आमच्यासमोर नवी सही करून तिचा नमुना नोंदवता येतो. सही करणेच शक्य नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा चालतो, मात्र त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हाताचा अंगठा उमटत नसेल तर पायाच्या अंगठ्याचीही सोय नियमात आहे. सही जुळली नाही म्हणून आपल्याला कोणी उलट पाठवले, तर सरळ माझ्या टेबलाशी यावे.

शाखेपर्यंत येणेच अवघड असेल, तर सत्तर वर्षांवरील आणि आजारी किंवा अपंग खातेदारांसाठी घरपोच सेवेची विनंती करता येते. विनंती फोनवरून करावी, आणि फोनचा क्रमांक पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेलाच वापरावा. आम्ही दिवस, वेळ आणि येणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आधी कळवू. या सेवेला काही शुल्क असेल तर तेही आधीच सांगू. न कळवता कोणी दाराशी आले, तर त्याच्या गळ्यात ओळखपत्र असले तरी आत घेऊ नये.

यानंतरचा मजकूर कृपया दोनदा वाचावा. अशा नोटिसा निघाल्या की फसवणारे लोकही जागे होतात. ‘तुमचे खाते आज संध्याकाळी बंद होणार आहे, मोबाईलवर आलेला क्रमांक सांगा’ असा फोन येईल. बोलणारा माणूस अत्यंत नम्र असेल, कदाचित आपले नावही त्याला ठाऊक असेल. तो आमच्याकडून नाही. ओटीपी, एटीएमचा पिन किंवा कार्डामागचे तीन अंक बँक कधीही विचारत नाही, आणि या कामासाठी मोबाईलवर कोणतीही लिंक उघडावी लागत नाही. असा फोन मध्येच ठेवून देणे हा उद्धटपणा होत नाही. चुकून काही सांगितले गेले असेल तर लाज वाटून गप्प बसू नये. लगेच 1930 या सरकारी मदत क्रमांकावर आणि शाखेला कळवावे. अशा वेळी जितके लवकर कळेल, तितके पैसे अडवणे सोपे जाते.

शाखेत आलातच तर खात्याला वारस नोंद, म्हणजे नॉमिनी, आहे का हेही पाहून घ्यावे. जुन्या खात्यांत ती जागा बऱ्याचदा कोरी असते किंवा तिथे आता हयात नसलेल्या व्यक्तीचे नाव असते. आपल्या दिवंगत जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे एखादे विसरलेले खाते असण्याची शक्यता वाटत असेल, तर तेही विचारावे. दहा वर्षे कोणी न हलवलेली रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे पाठवावी लागते, परंतु त्यानंतरही खातेदाराचा किंवा वारसांचा हक्क संपत नाही; त्यांनी आपल्या बँकेकडेच मागणी करायची असते. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे udgam.rbi.org.in हे संकेतस्थळ आहे. घरातील कोणाकडून त्यावर नाव शोधून घेता येईल, किंवा आम्ही शाखेत शोधून देऊ.

आमच्या कामाबद्दल तक्रार असल्यास ती मला लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. त्यासंबंधीची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते.

हे पत्र पोहोचण्यापूर्वीच आपण या खात्यात व्यवहार केला असेल, तर आपल्याला काहीही करावयाचे नाही. खात्री नसेल तर पासबुक भरून घ्यावे आणि 12 जून 2024 नंतर आपल्या हातची एखादी नोंद दिसते का, ते आमच्याकडून पाहून घ्यावे.

आपला नम्र,
शाखा व्यवस्थापक

ता. क. : येताना हे पत्र आणण्याची आवश्यकता नाही. चष्मा मात्र आठवणीने आणावा. विसरलाच तर खिडकी क्रमांक दोनवर वाचनाचे भिंग ठेवलेले आहे.